चित्ररथाचा व्हिडिओ, मुका ऑटोप्ले आणि न हलणारा आकडा

खानापूरहून बेळगावला ये-जा करत मी व्हिडिओचं काम करते. लग्नं, वास्तुशांती, गणपती आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. यूट्यूब चॅनेल काढून चार वर्षं झाली. कॅमेरा कसा धरायचा, थंबनेल कसं करायचं हे तुम्हाला येतच असणार, त्यात मी वेळ घालवत नाही. पण आता दर महिन्याला कुणीतरी नवीन मुलगा-मुलगी विचारते, "ताई, आपला व्हिडिओ दुसऱ्याच्या वेबसाइटवर चालला तर व्ह्यू धरतात काय?"

धरतात. पण बघणाऱ्याने प्लेअरवरचं बटण स्वतः दाबलं असेल तरच. पान उघडल्या उघडल्या व्हिडिओ आपोआप सुरू झाला असेल तर धरत नाहीत. एवढ्या दोन वाक्यांसाठी मी दीड हजार रुपये परत केले आहेत आणि एका चांगल्या माणसासमोर मान खाली घातली आहे. म्हणून ही गोष्ट जरा लांबवून सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका गल्लीच्या मंडळाने चित्ररथाचा व्हिडिओ माझ्याकडे दिला. खर्चाला कुंदा विकणाऱ्या एका दुकानदारकाकांनी चार हजार रुपये दिले. त्या बदल्यात सुरुवातीला त्यांच्या दुकानाची पाटी दाखवायची आणि पंधरा दिवसांत पाच हजार व्ह्यूज होतील, असा शब्द मी दिला. तो शब्द हवेतला नव्हता, असं मला तेव्हा वाटत होतं. मंडळाची स्वतःची वेबसाइट होती, मिरवणुकीच्या आठवड्यात तिथे पुणे-मुंबईला गेलेली गल्लीतली सगळी मंडळी येत. त्यावेळी मी एका सरांचा व्हिडिओ मार्केटिंगचा क्लास करत होते. सरांनी ठामपणे सांगितलं होतं: व्हिडिओ वेबसाइटच्या पहिल्या पानावर ऑटोप्ले करून लावा, जितकी माणसं पान उघडतील तितके व्ह्यूज. मी वेबसाइट बघणाऱ्या मुलाला तसंच करायला लावलं. त्याने हे टाकलं:

```html
<iframe width="560" height="315"
  src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID?autoplay=1&mute=1"
  allow="autoplay"></iframe>
```

पाच दिवसांत वेबसाइटचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. व्हिडिओचे व्ह्यूज चारशे बारा. मी रात्री दोन-दोन वाजता यूट्यूब स्टुडिओ उघडून बघायची. मला वाटलं, यूट्यूबचा आकडा अडकला आहे. पूर्वी ३०१ वर आकडा थांबायचा ते ऐकलं होतं, पण ती पद्धत २०१५ मध्येच बंद झाली. आकडा अडकला नव्हता, तो बरोबरच होता.

यूट्यूबच्या मदतपानावर, व्हिडिओ दुसऱ्या वेबसाइटवर लावण्याच्या म्हणजे एम्बेड करण्याच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की एम्बेड केलेला व्हिडिओ ऑटोप्लेने सुरू झाला तर त्याचे व्ह्यूज वाढत नाहीत. प्रोग्रामरांसाठीच्या दस्तऐवजात तर `playVideo()` या आज्ञेखाली याहून नेमकं वाक्य आहे: प्लेअरच्या स्वतःच्या प्ले बटणाने सुरू झालेलाच व्हिडिओ अधिकृत आकड्यात मोजला जातो. सरांनी ते पान उघडून बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं, आणि शब्द मी दिला होता.

इथे एक गैरसमज हमखास होतो, त्यावर थांबते. पुष्कळांना वाटतं, आवाज बंद होता म्हणून मोजलं नाही. आवाज चालू करून ऑटोप्ले लावला तर मोजतील. नाही. `mute=1` लावावं लागतं ते ब्राउझरमुळे. २०१८ पासून क्रोम आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ सहसा अडवतो, म्हणून वेबसाइटवाले आवाज बंद करून लावतात. मोजणीचा प्रश्न वेगळा आहे. उलट एखाद्याने बस स्टँडवर बसून फोनचा आवाज बंद ठेवून, पण स्वतः बटण दाबून तुमचा व्हिडिओ बघितला, तर तो नुसता आवाज नव्हता म्हणून बाद होत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटवर विचारायचा प्रश्न एकच: सुरू कुणी केला?

आता याच नियमाचा जो कोपरा कुणी सांगत नाही तो. ऑटोप्ले काढून टाकला म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. मग एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलने माझा दुसरा व्हिडिओ लावला. तिथे आपोआप काही सुरू होत नव्हतं, थंबनेल दिसायचं, वर लाल बटण, लोक ते दाबून बघायचे. तरी एम्बेडमधून आलेले व्ह्यूज नगण्य. कारण ते लाल बटण यूट्यूबचं नव्हतंच. पान लवकर उघडावं म्हणून अनेक वेबसाइटवाले खरा प्लेअर सुरुवातीला आणतच नाहीत, त्याच्या जागी नुसतं चित्र ठेवतात. चित्रावर बोट लागलं की मग प्लेअर येतो आणि तो `autoplay=1` घेऊन येतो किंवा स्क्रिप्ट त्याला `playVideo()` म्हणून सांगते. माणसाने दाबलं खरं, पण चित्रावर दाबलं. यूट्यूबच्या प्लेअरच्या दृष्टीने कुणी बटण दाबलेलंच नाही, आणि दस्तऐवजातलं वाक्य प्लेअरच्या स्वतःच्या बटणाबद्दल आहे. काही फोनवर अशा वेळी दोनदा टॅप करावं लागतं, कारण ब्राउझर आपोआप सुरू होणं अडवतो. तिथे दुसरा टॅप खऱ्या बटणावर पडतो. म्हणजे एकाच पानावर काही लोकांचं बघणं धरलं जाईल, काहींचं नाही.

हे ओळखायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. कॉम्प्युटरवर ते पान उघडा, व्हिडिओला हात न लावता त्याच्या शेजारच्या जागेवर उजवं क्लिक करून Inspect निवडा आणि त्या जागी काय आहे ते बघा. `iframe` असेल आणि पत्त्यात `autoplay=1` नसेल, तर तो साधा प्लेअर आहे, निश्चिंत राहा. `iframe` नसून नुसतं चित्र असेल, तर वर सांगितलेला प्रकार. वेबसाइटवाल्याशी भांडू नका. तो त्याच्या पानाचा वेग सांभाळतोय, त्याचंही बरोबर आहे. फक्त त्या आकड्यावर कुणाला शब्द देऊ नका.

स्टुडिओत बघायचं ते इथे: व्हिडिओचं अॅनालिटिक्स उघडा, Advanced mode मध्ये जा आणि `Playback location` निवडा. व्हिडिओ यूट्यूबच्या पानावर किती बघितला गेला आणि बाहेरच्या वेबसाइट-अॅपमध्ये एम्बेड होऊन किती, हे तिथे वेगळं दिसतं. माझ्या त्या चारशे बारामध्ये एम्बेडचे फक्त अडतीस होते. गल्लीत सगळे म्हणत होते, "अगं, आम्ही सगळ्यांनी बघितला की!" बघितला होता. आपोआप चालू झालेला बघितला होता.

आता यूट्यूबच्या आत काय? होमवर सरकवताना व्हिडिओ मुका सुरू होतो, किंवा कॉम्प्युटरवर थंबनेलवर माउस ठेवला की चालायला लागतो. इथे मात्र घाबरू नका. बाहेरच्या वेबसाइटचा नियम इथे लावू नका, कारण इथे व्हिडिओ कुठे आणि कसा सुरू करायचा हे यूट्यूबच ठरवतं. अॅनालिटिक्सच्या एपीआयमध्ये होम, सबस्क्रिप्शन अशा फीडमध्येच झालेल्या व्ह्यूजसाठी `BROWSE` असा वेगळा प्रकार आहे. म्हणजे व्हिडिओचं स्वतःचं पान, वॉच पेज, न उघडता झालेलं बघणं सरसकट बाद होत नाही. किती वेळ बघितलं की धरायचं हे यूट्यूब जाहीर करत नाही. "तीस सेकंद झाले की एक व्ह्यू" असं छातीठोक सांगणारा भेटला, तर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

शॉर्ट्सचं निराळंच आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरतात, पुन्हा चालला तर पुन्हा. म्हणून तिथले आकडे एकदम फुगलेले दिसतात. कमाईसाठी आणि पार्टनर प्रोग्रॅमसाठी मात्र `Engaged views`, म्हणजे लगेच सरकवून न टाकता बघितलेले व्ह्यूज, बघतात. फेसबुकवर वर्षानुवर्षं तीन सेकंदांचा व्ह्यू चालत आला, तोही फीडमध्ये मुका सुरू झालेला. त्यामुळे तोच चित्ररथ फेसबुकवर नऊ हजार आणि यूट्यूबवर चारशे दिसला, तरी यूट्यूबवर तुमचं काही चुकलं असं नाही. ती दोन मापं वेगळी आहेत, शेर आणि मीटरची तुलना होत नाही.

सरांबद्दल एकच बोलते. फी घेणारा जो कुणी असेल त्याला म्हणा, तुमच्या चॅनेलचा `Playback location` माझ्यासमोर उघडा. नाही म्हणाला तर त्या पैशात ट्रायपॉड घ्या. त्याच क्लासात आम्हाला जाहिरात लावून बघण्याचे चार हजार तास भरायला सांगितलं होतं. जाहिरात मोहिमेतून आलेले तास पार्टनर प्रोग्रॅमच्या पात्रतेत धरतच नाहीत. माझ्यासोबतच्या एका मुलाने निपाणीहून येऊन, घरच्यांकडून पैसे मागून ते केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पंधराव्या दिवशी मी दुकानात गेले. काकांना सगळं सांगितलं आणि दीड हजार पुढे ठेवले. ते म्हणाले, "पोरी, माझी पाटी लोकांनी बघितली की नाही?" मी म्हटलं, बघितली, पण किती जणांनी ते मला दाखवता येत नाही. त्यांनी पैसे घेतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा काम दिलं. तुम्हालाही असा दिवस येईल, तेव्हा लपवू नका. आकडा कमी आहे यापेक्षा आकडा समजत नाही हे लोकांना जास्त खटकतं.

आता मी काय करते ते सांगते. मंडळाच्या पानावर हलतं चित्र हवंच असतं, त्याशिवाय पान उजाड दिसतं. त्यासाठी चित्ररथाचा दहा सेकंदांचा मुका तुकडा वेबसाइटवाल्याला वेगळी फाइल म्हणून देते. तो तिथेच गोल गोल फिरतो, त्याचा यूट्यूबशी संबंध नाही. त्याच्याखाली पूर्ण व्हिडिओ साध्या एम्बेडने, `autoplay` शिवाय, यूट्यूबच्या खऱ्या बटणासकट. प्लेअर फार लहान करायचा नाही, यूट्यूबच्या अटीप्रमाणे किमान २०० बाय २०० पिक्सेल लागतात. आणि खाली एक ओळ: पूर्ण मिरवणूक यूट्यूबवर बघा. त्या लिंकवरून गेलेला माणूस वॉच पेजवर पोहोचतो, तिथे मोजणीचा हा घोळ नसतो.

शंका असेल तर एक अनलिस्टेड व्हिडिओ टाकून दोन पानं करा, एकावर ऑटोप्ले, दुसऱ्यावर साधं बटण. घरातल्या-गल्लीतल्या दहा-बारा जणांना आधी पहिलंच पान उघडायला सांगा आणि दोन दिवस थांबा. आकडा बघून लिहून ठेवा. मग दुसरं पान. एकाच दिवशी दोन्ही करू नका, अॅनालिटिक्स उशिरा भरतं आणि कुठला आकडा कुठला ते कळत नाही. मी पहिल्यांदा एकाच संध्याकाळी दोन्ही केलं आणि सगळं परत करावं लागलं.

जाहिरातदाराला मी आता व्ह्यूजचा शब्द देतच नाही. पंधरा दिवसांनी `Playback location` चा स्क्रीनशॉट पाठवीन, एवढंच कागदावर लिहून देते.