तांदूळ पांढराशुभ्र करून आणताय? या चुका टाळा

आजऱ्याचं घनसाळ भात कांडायला नेलं की गिरणीवाला मशीन थांबवून मूठभर तांदूळ दाखवतो आणि विचारतो, "बस्स, का अजून एक हात मारू?" बहुतेक जण म्हणतात, मार. पहिली चूक इथेच होते. पहिल्या फेरीत निघतं ते तूस, ते काढायलाच हवं. पुढच्या फेऱ्यांत सुटणारी मऊ तपकिरी भुकटी म्हणजे कोंडा. तांदळातलं बहुतेक थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, या कोंड्यात आणि दाण्याच्या टोकाच्या अंकुरात असतं. आपल्याकडे तो कोंडा म्हशीच्या आंबोणात जातो. म्हैस आपल्यापेक्षा शहाणी म्हणायची!

हिशेब करून बघा. १०० ग्रॅम कच्च्या हातसडीच्या तांदळात साधारण ०.४ मिलिग्रॅम थायमिन असतं, पॉलिश केलेल्यात जेमतेम ०.०७. दिवसाकाठी ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला पहिल्यातून १.६ मिळेल, दुसऱ्यातून ०.२८. मोठ्या माणसाची गरज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. शरीरातला साठाही काही आठवड्यांतच संपतो. मग पाय बधिर होतात, उकिडवं बसलेल्या माणसाला उठता येत नाही, कधी सूज येऊन हृदय थकतं. हाच बेरीबेरी.

याचं कारण सापडलं ते कोंबड्यांमुळे. १८८९ साली जावा बेटावर डच डॉक्टर आइकमान यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला. साधा, कोंड्यासकट तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. मात्र आइकमान यांना वाटलं, पांढऱ्या भातात विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा. दोष विषाचा नसून उणिवेचा आहे, हे १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी मांडलं.

आजही लोक तीच गफलत करतात आणि पांढऱ्या भातालाच विष ठरवतात. ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी असेल तर उणीव भरून निघते. नुसत्या भातावर दिवस काढणाऱ्याची, किंवा रोज दारू पिऊन जेवण टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पायात मुंग्या येत असतील तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा.

तांदूळ चार पाण्यांतून चोळून धुणं आणि भात वेळून पेज ओतून देणं, यातही थायमिन पाण्याबरोबर जातं. एकदा धुवा, बेताचं पाणी घाला. हातसडीचा गिळवत नसेल तर उकडा आणा. भात तुसासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं, म्हणून नंतर पॉलिश केलं तरी बरंच टिकतं.

आणि हातसडीचा वर्षाचा साठा एकदम भरू नका. कोंड्यातल्या तेलाला खवट वास लागतो. महिनाभरापुरता कांडून आणा, बाकीचं भात तुसातच राहू द्या.