बाळाचं डोकं एका बाजूने चपटं होतंय? आधी मान बघा, मग बाळाची दिशा बदला

बाळ दीड-दोन महिन्यांचं होतं आणि एक दिवस आंघोळीनंतर, ओले केस चापून बसलेले असताना लक्षात येतं की डोक्याची मागची एक बाजू गोल राहिलेली नाही. काही घरांत हे थेट जावळ काढल्यावर दिसतं. मग घरात मोहरीची उशी येते, मालिशवाल्या मावशींना ‘डोक्याला जरा आकार द्या’ असं सांगितलं जातं, आणि ज्याच्याकडे आधी बघायला हवं ती मान बाजूलाच राहते.

कॅनडातल्या कॅलगरी शहरात 7 ते 12 आठवड्यांची 440 बाळं तपासली गेली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 46.6 टक्के बाळांच्या डोक्याला कमी-अधिक चपटेपणा आढळला. त्यातल्या बहुतेकांचा सौम्य होता आणि उजवी बाजू जास्त वेळा चपटी होती. डॉक्टर याला पोझिशनल प्लॅजिओसेफली म्हणतात. सगळा मागचा भाग सारखाच सपाट होऊन डोकं रुंद दिसत असेल तर ब्रॅकिसेफली. या चपटेपणाने मेंदू दाबला जात नाही. मेंदूला वाढायला जागा तितकीच असते, फक्त कवटी वेगळ्या दिशेने पसरते.

असं का होतं

तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं पातळ असतात आणि त्यांच्यातले सांधे उघडे असतात. पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला साधारण 2 सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत साधारण 1 सेंटिमीटर. या काळात डोकं तासन् तास एकाच जागी टेकलं, तर तिथली वाढ थांबते आणि बाकीच्या बाजूंनी होत राहते. याच वेगामुळे डोकं लवकर चपटं होतं, आणि दाब वेळेत काढला तर याच वेगामुळे ते भरूनही येतं. म्हणून पहिल्या चार महिन्यांत घरच्या उपायांचा सर्वांत जास्त फायदा होतो.

बाळाला पाठीवर झोपवल्यामुळे हे होतं, हे अर्धंच खरं आहे. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी 1990 च्या दशकात अमेरिकेसह अनेक देशांनी बाळाला पाठीवरच झोपवा, असं सांगायला सुरुवात केली. ते मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि चपट्या डोक्याची बाळं मात्र वाढली. पण पाठीवर झोपणाऱ्या सगळ्याच बाळांचं डोकं एका बाजूने चपटं होत नाही. ज्यांची मान सतत एकाच बाजूला वळते, त्यांचं होतं. कधी ही नुसती सवय असते, कारण आई, खिडकी, पंखा सगळं एकाच बाजूला असतं. कधी मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असतो, ज्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. जुळी, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून जन्मलेली बाळं यांच्यात हे जास्त दिसतं.

तेव्हा चपटं डोकं दिसलं म्हणून बाळाला रात्री पालथं किंवा कुशीवर झोपवू नका. झोप पाठीवरच, घट्ट आणि सपाट गादीवर, उशीशिवाय.

पायरी 1 : वरून बघा

बाळाला मांडीवर बसतं धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी डोक्याचा वरून फोटो काढायला सांगा. बाळाचं नाक फोटोत वरच्या बाजूला हवं, केस ओले किंवा तेलाने बसलेले हवेत. उजवी मागची बाजू दाबामुळे चपटी झाली असेल, तर उजवा कान डाव्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला दिसतो आणि उजव्या बाजूचं कपाळही किंचित पुढे आलेलं असतं. जणू त्या बाजूने सगळं डोकंच पुढे ढकललं गेलंय. कान चपट्या बाजूला असूनही मागे किंवा खाली ओढलेला दिसला, तर घरचे उपाय थांबवून सरळ शेवटच्या भागाकडे जा.

दर दोन आठवड्यांनी तसाच फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळू होणारा बदल कळत नाही.

पायरी 2 : मान तपासा

बाळ पोट भरलेलं, जागं आणि खुशीत असताना त्याला पाठीवर ठेवा. खुळखुळा किंवा तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे हळूहळू न्या. हनुवटी दोन्ही बाजूंना खांद्याच्या जवळपास सारखीच पोहोचायला हवी. एका बाजूला मान अर्ध्यातच थांबत असेल, बाळ त्या बाजूला बघायला डोळेच फिरवत असेल किंवा अख्खं अंग वळवत असेल, तर स्नायू आखडलेला असण्याची शक्यता आहे. मानेच्या बाजूला छोटी कडक गाठ लागते का, तेही हलक्या बोटांनी बघा. हा स्नायू डोकं आपल्या बाजूला झुकवतो आणि चेहरा विरुद्ध बाजूला वळवतो. म्हणजे डावा स्नायू आखडला की डोकं डावीकडे कलतं, चेहरा उजवीकडे जातो आणि डोक्याची उजवी बाजू चपटी होते.

मान अशी अडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा. मानेचे व्यायाम लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकायचे असतात. मोबाइलवर बघून मान ताणू नका.

पायरी 3 : बाळाने कुठे बघावं ते बदला

समजा, बाळ दहा आठवड्यांचं आहे. त्याचं अंथरूण भिंतीला लागून आहे. पाठीवर असताना भिंत त्याच्या डावीकडे येते, तर आई, दार आणि उजेड उजवीकडे. ते दिवसरात्र उजवीकडे बघतं आणि उजवी बाजू चपटी झालीय. इथे बाळाची मान वळवत बसण्यापेक्षा अंथरूण तिथेच ठेवून बाळाचं डोकं दुसऱ्या टोकाला करा. आता आई आणि उजेड त्याच्या डावीकडे आले. आवाज ऐकायला, चेहरा बघायला ते आपणहून डावीकडे वळेल आणि भार गोल बाजूवर जाईल. पाळण्यावरचं खेळणंही डावीकडे लावा. दुपटं बदलताना, बोलताना, टाळ्या वाजवताना डाव्या बाजूनेच या.

बाटलीने दूध देत असाल तर या बाळाला उजव्या हातावर घ्या, म्हणजे तुमच्याकडे बघायला त्याला डावीकडे वळावं लागेल. आपण बहुतेकजण सवयीने बाळ डाव्या हातावर घेतो आणि उजव्या हातात बाटली धरतो. त्यात ते प्रत्येक वेळी उजवीकडे वळतं. अंगावर पाजताना दोन्ही बाजूंना घेतल्यामुळे हे आपोआप बदलत राहतं.

गाढ झोप लागली की डोकं अलगद गोल बाजूला वळवता येतं. परत फिरलं तर फिरू द्या. मान जागेवर राहावी म्हणून टॉवेलच्या गुंडाळ्या किंवा लोड लावू नका. ते तोंडावर सरकले तर श्वास कोंडतो.

पायरी 4 : जागेपणी पालथं

आपल्याकडे आजी लांब केलेल्या पायांवर बाळाला पालथं घालून तेल लावते आणि न्हाऊ घालते. त्या वेळी डोक्याच्या मागच्या बाजूवर काहीच दाब नसतो आणि बाळ मान उचलायचा प्रयत्न करतं. ही फार चांगली सवय आहे, फक्त ती न्हाणीघरापुरती ठेवू नका. घरी आल्यापासून दिवसातून दोन-तीनदा, 3 ते 5 मिनिटं बाळाला तुमच्या छातीवर, मांडीवर आडवं किंवा जमिनीवर सतरंजी घालून पालथं ठेवा. सात आठवड्यांपर्यंत दिवसाची बेरीज 15 ते 30 मिनिटांवर न्या. रडलं तर उचला आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेवा. छातीला खाली चादरीची छोटी घडी दिली की मान उचलणं सोपं जातं. कोणीतरी जागं आणि शेजारी हवंच. पालथं असतानाच डोळा लागला तर लगेच पाठीवर करा.

कार सीट प्रवासापुरतीच वापरा. बाउन्सरमध्ये आणि झोळीत बाळाला तासन् तास ठेवू नका. त्यात मान मोकळी वळत नाही आणि हनुवटी छातीला टेकण्याची भीती असते. दिवसा कडेवर, खांद्यावर जितकं घ्याल तितका वेळ डोकं मोकळं राहतं.

मोहरीची उशी आणि डोकं दाबणं

मोहरीची उशी, मध्ये खळगा असलेली बाजारातली उशी, दोन्ही टाळा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 साली डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा स्पष्ट इशारा दिला, कारण त्यांनी श्वास कोंडण्याचा धोका वाढू शकतो. हाताने दाबून कवटीला आकार येत नाही. डोक्याला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण टाळूवर आणि चपट्या-फुगीर भागांवर जोर देऊ देऊ नका. हे आजीला किंवा मावशींना शांतपणे सांगा. त्या मायेनेच करत असतात.

तज्ज्ञांना कधी दाखवायचं

6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींना जाताच, तेव्हा दर वेळी डोकं आणि मान दाखवा आणि घेर मोजून घ्या. दोन-तीन महिने उपाय करूनही चपटेपणा वाढतच असेल, चार-पाच महिन्यांनाही ठळक असेल, किंवा चेहरा वाकडा दिसू लागला असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढची चिठ्ठी मागा. बाळ मान धरायला, वळायला उशीर करत असेल तर त्याच्या विकासाची वेगळी तपासणी हवी. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजा.

काही खुणांवर थांबायचंच नाही. जन्मापासूनच आकार वेगळा आहे आणि काही आठवड्यांत सुधारला नाही, कवटीवर हाडाची उंच रेघ हाताला लागते, चपट्या बाजूचा कान मागे-खाली ओढलेला आहे, टाळू फारच लवकर बुजली किंवा डोक्याचा घेर वाढत नाहीये. यात क्रॅनिओसिनोस्टोसिसची शंका असते, म्हणजे कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळणं. ते विरळ आहे, पण कूस बदलून बरं होत नाही. त्यासाठी लहान मुलांचे न्यूरोसर्जन लागतात, आणि दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करता येते. टाळू फुगलेली, सोबत सतत उलट्या किंवा बाळ सुस्त असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डोक्याचा आकार सुधारण्यासाठी बाळाला घालतात त्या खास हेल्मेटबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. ते दिवसाचे सुमारे 23 तास, काही महिने घालावं लागतं. नेदरलँड्समध्ये 84 बाळांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांच्या वयाला हेल्मेट घातलेल्यांपैकी 26 टक्के आणि न घातलेल्यांपैकी 23 टक्के मुलांचं डोकं पूर्ण सुधारलं होतं. हा फरक नगण्य आहे. मात्र त्या चाचणीत मान आखडलेली आणि फार तीव्र चपटेपणा असलेली बाळं नव्हती, त्यामुळे अशा बाळांसाठी काही डॉक्टर हेल्मेट सुचवतात. सौम्य चपटेपणासाठी कोणी ते विकत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बाळ बसू लागलं की मागचा दाब कमी होतो आणि पुढच्या वर्षभरात बराच आकार भरून येतो.

तज्ज्ञांकडे जाताना ते वरून काढलेले फोटो तारखेनुसार लावून न्या, सोबत लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेले डोक्याच्या घेराचे आकडे. चपटेपणा जन्मापासून होता की नंतर आला, वाढतोय की थांबलाय, हे त्यांना त्यावरूनच सर्वांत लवकर कळतं.