[३१] आणि [७८]: सबमिशनच्या चार दिवस आधी

सोमवारी रात्री मी एका लेखकाच्या आडनावाचं स्पेलिंग तपासत होते. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. Ctrl+F मारलं आणि संदर्भसूचीत ते आडनाव दोनदा दिसलं: [३१] आणि [७८]. पहिल्यांदा वाटलं, एकाच माणसाचे दोन पेपर असतील. मग शीर्षकं वाचली. [३१] मध्ये पूर्ण शीर्षक, २०१६ साल. [७८] मध्ये तेच शीर्षक, पण कोलननंतरचं उपशीर्षक गायब, साल २०१५ आणि पृष्ठक्रमांक भलतेच. जर्नल मात्र तेच.

DOI, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून PDF चं पहिलं पान बघितलं. पेपर एकच होता, साल २०१६. म्हणजे [७८] नावाचा पेपर जगात नव्हताच.

तो आला कुठून, हे आठवायला अर्धा तास लागला. चौथं प्रकरण लिहिताना एका सीनियरच्या प्रबंधातली दोन-तीन वाक्यं उपयोगी वाटली होती. तिच्या सूचीतले तपशील बघून मी Zotero या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने नोंद केली आणि मूळ पेपर उघडलाच नाही. साल तिने चुकवलं होतं, मी ते जसंच्या तसं उतरवलं. सीनियरच्या सूचीवरून संदर्भ उचलू नका असं सगळेच सांगतात आणि सगळेच उचलतात. माझं मत आता एवढंच आहे की सूची शोधायला वापरा, उतरवायला नाही.

तुम्ही विचाराल, Zotero मध्ये Duplicate Items असताना हे आधी कसं दिसलं नाही? कारण ते मुख्यतः शीर्षक, DOI आणि ISBN जुळतात का ते बघतं. माझ्या हाताने केलेल्या नोंदीत DOI नव्हता आणि शीर्षक अर्धवट होतं. शिवाय सूची क्रमांकांची, म्हणजे मजकुरात जो आधी येईल तो आधी. त्यामुळे दोन जुळी भावंडं एकमेकांपासून सत्तेचाळीस नोंदी लांब बसली होती. डोळ्यांनी वाचून ती सापडणं अवघडच.

इथे मी पहिला मूर्खपणा केला. [७८] ची नोंद लायब्ररीतून डिलीट केली आणि वर्डमध्ये Refresh दाबलं. काहीही झालं नाही, [७८] जागच्या जागी. वर्डच्या फाइलमध्ये संदर्भाची माहिती आतमध्ये साठवलेली असते. लायब्ररीतली नोंद गेली तरी फाइल जुनी माहिती दाखवत राहते. डिलीट नाही, मर्ज करायचं. ट्रॅशमधून नोंद परत आणली, दोन्ही नोंदी निवडल्या, राइट क्लिक, Merge Items. पर्याय चालेना, कारण हाताने केलेली नोंद मी कॉन्फरन्स पेपर म्हणून केली होती आणि दोन्हींचा Item Type सारखा असावा लागतो. तो बदलला, DOI असलेली नोंद मुख्य ठेवली, मर्ज केलं. मग Refresh केल्यावर चौथ्या प्रकरणातला [७८] मुकाट्याने [३१] झाला आणि सूची ११२ वरून १११ वर आली.

मी लॅपटॉप बंद करून झोपले. खरा सापळा तोपर्यंत मला दिसलाच नव्हता.

एक संदर्भ कमी झाला की त्याच्या नंतरचे सगळे क्रमांक एकाने खाली सरकतात. जुना ८३ आता ८२, जुना १०४ आता १०३. मजकुरातले क्रमांक Zotero स्वतः बदलतं, कारण ती वर्डची फील्ड्स असतात. पण माझ्या तुलनात्मक तक्त्यात नऊ क्रमांक मी हाताने टाइप केले होते. तक्त्यात Zotero चं वर्डमधलं प्लगइन फार हळू चालत होतं आणि "शेवटी नीट करू" असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते नऊ क्रमांक जागचे हलले नाहीत. म्हणजे तक्त्यातला [८३] आता जुन्या ८४ कडे बोट दाखवत होता. कुठेही एरर नाही, लाल रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही. [८३] सूचीत आहे, पेपरही खरा आहे, फक्त भलत्याच माणसाचा आहे. तक्त्याच्या त्या ओळीतली आकडेवारी मी ज्याच्या नावावर टाकली होती त्याने ते काम केलेलंच नव्हतं.

हे मला मंगळवारी एका मैत्रिणीमुळे कळलं. ती म्हणाली, "फाइलची कॉपी कर आणि Document Preferences मध्ये जाऊन स्टाइल APA कर." मला वाटलं, चेष्टा करतेय. पण कॉपीत स्टाइल बदलली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. सूची आडनावांप्रमाणे लागली, म्हणजे उरलेली जोडी असती तर शेजारी-शेजारी दिसली असती. (नव्हती. तेव्हा पहिल्यांदा नीट श्वास घेतला.) आणि मजकुरातले सगळे खरे संदर्भ "आडनाव, साल" असे झाले. चौकटी कंसातले आकडे जिथे जिथे उरले, ते सगळे हाताने टाइप केलेले. नऊ तक्त्यात, वर एक आकृतीच्या मथळ्यात, जो मी पूर्ण विसरले होते. दहाही जागी मूळ फाइलमध्ये प्लगइनने संदर्भ टाकले. तक्त्यात प्लगइन हळू चालतंच, पण दहा संदर्भांना वीस मिनिटं लागली. ही वीस मिनिटं वाचवण्यासाठी मी काय पणाला लावलं होतं, त्याचा विचार नकोसा वाटतो.

हे सगळं तांत्रिक होतं आणि तांत्रिक चूक दुरुस्त होते, घाबरू नका. जे मला अजून टोचतं ते वेगळं आहे. दुसऱ्या प्रकरणात [३१] च्या हवाल्याने मी लिहिलं होतं की ४१.६ टक्के रुग्ण औषधाचे डोस चुकवतात. चौथ्या प्रकरणात सीनियरच्या वाक्यावरून "सुमारे ४० टक्के" [७८] आणि पुढे माझं स्वतःचं वाक्य: "या निष्कर्षाला आणखी एका स्वतंत्र अभ्यासानेही दुजोरा दिला आहे." तिने आकडा ढोबळ करून लिहिला, मला दोन आकडे म्हणजे दोन अभ्यास वाटले. एकच पेपर स्वतःलाच दुजोरा देत होता. मर्ज केल्यावर ते वाक्य आणखी विचित्र झालं, कारण आता त्याच्यापुढे [३१] होता आणि शब्द तेच होते, "आणखी एक". सॉफ्टवेअर क्रमांक बदलतं, वाक्य वाचत नाही. म्हणून मर्ज केल्यावर त्या संदर्भाच्या प्रत्येक जागेवर जाऊन आजूबाजूचा परिच्छेद वाचा. माझ्या बाबतीत तीन जागा होत्या, त्यातली एक निष्कर्षाच्या प्रकरणात.

बुधवारी मी मॅडमना प्रिंट दिली आणि काहीच बोलले नाही. "संदर्भ शेवटी बघू" म्हणणारे गाईड मला आवडत नाहीत आणि आमच्या मॅडम वर्षभर तेच म्हणत होत्या, हेही सांगून टाकते. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "अगं, परवा एकशे बारा होते ना?"

मग सगळं सांगितलं. त्यांनी तक्त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. "दुजोऱ्याचं वाक्य कुठे आहे?" म्हणाल्या. काढलं, म्हटलं. त्यांनी चौथं प्रकरण उघडून पान शोधलं, बोट ठेवून तो परिच्छेद वाचला, मग निष्कर्षाचं पान वाचलं आणि मगच सही केली.