जुन्या नकाशाचा फोटो कॅडमध्ये आणण्याआधीची तयारी

अमळनेरकडच्या एका घराचं वाढीव काम आलं. मालकाकडे २५ वर्षांपूर्वीच्या नकाशाची निळी प्रत, घडी पडून पिवळटलेली, आणि तिचा मोबाइलवर काढलेला फोटो. असं काम हाती आलं की पहिली रेघ मारण्याआधी काय काय बघायचं, ते ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी लिहून ठेवतोय.

आधी फोटोच नीट मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि मापांचे आकडे पुसट होतात, म्हणून "भाऊ, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगायचं. कागद सपाट पाटावर ठेवून, मोबाइल बरोबर वरून धरून काढलेला फोटो हवा, आणि कागदाच्या चारही कडा त्यात दिसल्या पाहिजेत. जमत असेल तर जळगावात आणून मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घेणं केव्हाही बरं.

मग एक गोष्ट ठरवा: नकाशा स्केलमध्ये काढलेला आहे की मिस्त्रीने अंदाजाने ओढलेला आहे? अंदाजाचा असेल तर तो गिरवण्यात अर्थ नाही. चित्र बाजूला ठेवायचं आणि लिहिलेल्या मापांवरून नव्याने काढायचं. पुढचं सगळं स्केलच्या नकाशाबद्दल आहे. त्यातही लिहिलेलं माप आणि रेघ जुळत नसेल तर लिहिलेलं माप खरं धरायचं.

फोटोची फाइल ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवा. DWG मध्ये चित्र साठत नाही, फक्त त्याचा पत्ता साठतो. फोटो नंतर हलवला की पडद्यावर नुसती चौकट उरते. मापं फूट-इंचात आहेत, म्हणून UNITS मध्ये Architectural निवडा. IMAGEATTACH ने चित्र वेगळ्या लेयरवर आणा, लांब भिंत आडवी येईल असं फिरवा आणि मग सर्वांत लांब, स्पष्ट लिहिलेलं माप धरून स्केल करा. छोट्या खिडकीवरून स्केल केलं तर टोक टिपताना झालेली केसभर चूक घराच्या लांबीला कितीतरी पटींनी वाढते. आपल्या घराची बाहेरची लांबी ३२ फूट:

```
SCALE
Specify scale factor or [Copy/Reference]: R
Specify new length or [Points]: 32'
```

`R` दिल्यावर भिंतीची दोन टोकं टिपायची, मग ३२ फूट टाकायचे.

घाई इथेच होते. एक बाजू जुळली म्हणजे चित्र जुळलं, असं नाही. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण DIST ने मोजा. रुंदी २४ फूट लिहिलेली आहे, तेव्हा कर्ण ४० फूट यायला हवा. मिस्त्री गुण्या तपासायला ३-४-५ लावतो, तेच हे. समोरासमोरच्या बाजू किंवा कर्ण एकमेकांशी जुळत नसतील तर फोटो तिरका आहे. नुसते कर्ण बघून भागत नाही, कारण कागदाच्या मधोमध, पण खालच्या बाजूने काढलेल्या फोटोत कर्ण सारखे येतात आणि वरची भिंत मात्र आखूड. तिरकेपणा SCALE ने जात नाही. GIMP मधल्या पर्स्पेक्टिव्ह टूलने कागदाच्या कडा काटकोनात आणा आणि चित्र पुन्हा लावा. हे घराच्या भिंती धरून करू नका, कागदाच्या कडा धरूनच करा. जुनं घर प्लॉटप्रमाणे खरंच वाकडं असू शकतं आणि तो वाकडेपणा आपल्याला हवाच असतो.

आपल्या फोटोत समोरासमोरच्या बाजू जुळल्या, कर्णही सारखे आले, पण ४० फुटांपेक्षा साधारण अडीच इंच जास्त. रुंदी भरली २४ फूट ४ इंच. म्हणजे चित्र एकाच दिशेने ताणलेलं. झेरॉक्सवर झेरॉक्स झालेल्या प्रतीत असं होतं. यावर उपाय म्हणजे चित्राचा ब्लॉक करायचा आणि प्रॉपर्टीजमध्ये Y स्केल २४ भागिले २४.३३३, म्हणजे ०.९८६३ द्यायचं. X आहे तसाच. मग सगळं पुन्हा मोजायचं.

शेवटी लिहिलेल्या मापांची बेरीज. ९ इंच भिंत, १४ फूट खोली, ९ इंच, १५ फूट ९ इंच, ९ इंच: बरोबर ३२ फूट. बेरीज बसली नाही तर फरक खोल्यांत वाटून टाकू नका. त्या भिंतीला टेप लावायला सांगा. १२'६" च्या जागी १२.६' टाकलेलं नाही ना, तेही बघा, कारण त्यात जवळपास सव्वा इंचाचा फरक पडतो.

आता DRAWORDER ने चित्र मागे टाका, मग चित्राची लेयर लॉक करा, F8 ने ऑर्थो चालू करा. ऑब्जेक्ट स्नॅप फोटोतली रेघ पकडत नाही, तेव्हा जाड रेघेची बाहेरची कड धरायची की मध्य, हे आधी ठरवा आणि घरभर तेच ठेवा. मंजुरीचा नकाशा मिलिमीटरमध्ये हवा असेल तर २५.४ ने मोठं करण्याचं काम सगळं काढून झाल्यावर करा.