बावीस स्लाइड आणि तर्री पोह्याची प्लेट

नागपुरात कूलरच्या देखभालीचा धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन होतं. बाजारपेठ, स्पर्धक, पाच वर्षांचा नफा, आमच्या तिघांचे फोटो, सगळं होतं. एका लग्नात बुफेच्या रांगेत तीन होस्टेल चालवणारे एक गृहस्थ माझ्यापुढेच उभे. मी लगेच मोबाइलवर स्लाइड उघडून हातात दिल्या. त्यांनी दोन सरकवल्या, तेवढ्यात वडाभात आला. "पाठवून द्या," म्हणाले. पाठवल्या. पुढे काहीच नाही.

मग मी ठरवलं, हे तोंडी तीस सेकंदांत बसवायचं. पहिल्यांदा केलं ते चुकीचं: प्रत्येक स्लाइडचं एक वाक्य केलं. बावीस वाक्यं, मोबाइलवर वेळ लावला तर पावणेतीन मिनिटं. भरभर बोलून ती दोन मिनिटांवर आणली, तर घरी बहीण म्हणाली, "तू ट्रेनची अनाउन्समेंट करतोयस." शांतपणे बोललं तर माझे तीस सेकंदांत साठच्या आसपास शब्द होतात. म्हणजे आटवून भागणार नव्हतं, फेकावंच लागणार होतं.

मग स्लाइडचे कागद पलंगावर पसरले आणि एकेक उचलून विचारलं: हे ऐकलं नाही तर होस्टेलवाल्याचं काय अडेल? बाजारपेठेची स्लाइड गेली. शहरात किती कूलर आहेत याच्याशी त्याला काय करायचंय? नफा गेला, तो माझा आहे. फोटो गेले. सर्वात जड गेली ती क्षार काढायच्या पद्धतीची स्लाइड, कारण ती मी दोन रात्री जागून केली होती. शेवटी हातात चार कागद उरले: त्याची अडचण, आमचं काम, एक पुरावा आणि एक मागणी.

सुरुवात तरीही फसली. "आम्ही हंगामी कूलर व्यवस्थापन करतो," असं सुरू केलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे किरायानं देता का?" हा प्रश्न आला की समजावं, पहिलं वाक्य धंद्याबद्दल आहे, ऐकणाऱ्याबद्दल नाही. म्हणून त्याच्या गच्चीपासून सुरुवात केली. मागणीतही चूक होती. "आमच्यासोबत वर्षाचा करार करा" हे उभ्या उभ्या कोणी कबूल करत नाही. गच्ची दाखवायला मात्र काही लागत नाही.

शेवटी हे उरलं:

"भाऊ, तुमच्या होस्टेलचे कूलर आता गच्चीवरच आहेत ना? मार्चमध्ये चालू करायला गेलं, की एखाद्याचा पंप जाम निघतो, एखाद्याची टाकी गळते, आणि तेव्हाच मेकॅनिक मिळत नाही. आम्ही दिवाळीनंतर कूलर खरवडून, रंगवून, झाकून ठेवतो आणि फेब्रुवारीत चालू करून देतो. मागच्या वर्षी एकशे चाळीस कूलर केले. उन्हाळ्यात सहाच बंद पडले. शनिवारी तुमची एक गच्ची पाहू द्याल?"

५३ शब्द, २६ सेकंद. उरलेले चार सेकंद पहिल्या प्रश्नानंतर थांबायला. तिथे समोरच्याला "हो" म्हणू द्यायचं. पुराव्यात आधी तीन आकडे होते. आत्याला ऐकवलं आणि तासाभरानं विचारलं, मी काय करतो? तिला पंप आठवला, गच्ची आठवली, आकड्यांचा पार गोंधळ झाला होता. मग एकच हिशेब ठेवला. सहा बंद पडले हेही मुद्दाम ठेवलं. एकही नाही म्हटलं असतं तर नागपूरच्या मे महिन्यात कोणी विश्वास ठेवला नसता.

पाठ झालं की एक नवी खोड लागते: मधेच कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावंसं वाटतं. म्हणून मी शब्द नाही, फक्त क्रम पाठ केला. गच्ची, पंप, फेब्रुवारी, सहा, शनिवार.

ऑक्टोबरात धरमपेठेत एका ठेल्यावर तर्री पोहे खाताना तेच गृहस्थ भेटले. मला ओळखलं नाही, बरंच झालं. मी फेब्रुवारीपर्यंत पोचलो तेव्हाच त्यांनी तोडलं, "ते ठीक आहे, पण पावसाचं पाणी साचून डास होतात, त्याचं काय?" ही माझी सतरावी स्लाइड होती, फेकलेली. म्हटलं, टाकीचा बूच काढून तोंड खाली ठेवतो, वरून ताडपत्री. पुढची शंका पैशांची, ती एकोणिसावी. फेकलेल्या स्लाइड अशाच कामाला येतात, विचारल्या की. हिशेब आणि शनिवार, दोन्ही मला बोलावेच लागले नाहीत, तर्रीचा शेवटचा घोट घेत त्यांनीच विचारलं, "मंग येता केव्हा पाहायला?"

गेलो तेव्हा अकरा कूलरांच्या टाक्यांत हिरवं पाणी होतं.