बारा लाख आले, बारा लाख खर्च झाले, तरी एकवीस हजार शिल्लक: विनियोग अहवालाची तयारी

कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून दिलेल्या सीएसआर निधीचा विनियोग अहवाल, म्हणजे तो पैसा कशावर खर्च झाला याचा हिशेब, करायला बसलात की हिशेबाच्या वह्यांना आधी हात लावू नका. आधी करारपत्र काढा आणि त्याच्या मागे जोडलेला अंदाजपत्रकाचा तक्ता समोर ठेवा. प्रत्येक हेडला, म्हणजे खर्चाच्या शीर्षाला, किती रक्कम मंजूर आहे, एका हेडमधली रक्कम दुसरीकडे वळवायची मुभा किती आहे आणि कुठल्या हेडला ती अजिबात नाही, एवढं एका कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्या. हा कागद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तयार हवा. एप्रिलमध्ये केला तर त्याच्यावरून काही सुधारता येत नाही, नुसतं काय चुकलं ते कळतं.

आमची संस्था इंदूरच्या वस्त्यांमध्ये संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. एका वर्षी आम्हाला त्यासाठी १२ लाखांचा निधी मिळाला होता. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगते. मानधनाला ५,४०,०००, शैक्षणिक साहित्याला २,४०,०००, प्रवासाला १,२०,०००, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला १,८०,००० आणि प्रशासकीय खर्चाला १,२०,००० मंजूर होते. करारात लिहिलं होतं की कुठल्याही हेडवर मंजूर रकमेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च चालेल, त्याहून जास्त हवा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल. प्रशासकीय हेड मात्र एक रुपयानेही वाढवायचं नाही.

वर्ष संपलं तेव्हा मानधनावर ५,२८,०००, साहित्यावर २,७१,०००, प्रवासावर १,२९,०००, प्रशिक्षणावर १,३८,००० आणि प्रशासनावर १,३४,००० खर्च झाले होते. बेरीज बरोबर १२ लाख. ती बघून कार्यालयात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मीही सोडला. पण अहवाल एकूण बेरजेवर उभा राहत नाही, प्रत्येक हेड वेगळं तपासावं लागतं. प्रवास १,३२,०००पर्यंत चालणार होता, म्हणजे तिथे आम्ही मर्यादेत होतो. साहित्याची वरची मर्यादा २,६४,००० होती, तिथे ७,००० जास्त गेले. प्रशासनावर १४,००० जास्त. म्हणजे निधीतून दाखवता येईल असा खर्च ११,७९,०००च होता. उरलेले २१,००० संस्थेने स्वतःच्या पैशातून केलेला खर्च धरायचा आणि कंपनीचे २१,००० अखर्चित शिल्लक म्हणून दाखवायचे.

नेमका इथेच मोह होतो. प्रशिक्षणात ४२,००० उरलेत, मग वह्यांचं एखादं बिल तिकडे टाकलं तर काय बिघडलं, असं एका विश्वस्तांनी विचारलंही. खर्च खरा आहे, मुलांसाठीच झालाय, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण खजुरी बाजारातल्या दुकानदाराच्या पक्क्या बिलावर स्वच्छ लिहिलेलं असतं, ‘कॉपी, ३५० नग’. तपासणीस प्रशिक्षणाची फाइल उघडतो तेव्हा प्रत्येक खर्चामागे शिबिराची तारीख आणि हजेरीपत्रक शोधतो, आणि ३५० वह्या कुठल्याच शिबिरात बसत नाहीत. असं एक बिल सापडलं की बाकीच्या सगळ्या बिलांकडे तो संशयाने बघतो. मला तो मार्ग साफ चुकीचा वाटतो. पकडले जाऊ ही भीती बाजूला ठेवली तरी, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आपण याच आकड्यांवरून करतो आणि ते खोटं निघतं. वह्यांना जास्त पैसे लागतात हे मग देणगीदाराला कधीच कळत नाही.

बिल मर्यादेवर येऊन तुटत असेल तर ते उघडपणे तोडा. आमचं शेवटचं साहित्याचं बिल १८,५००चं होतं. त्याच्यावर शिक्का मारून हाताने लिहिलं: प्रकल्प निधी, साहित्य हेड ११,५००, संस्थेचा स्वनिधी ७,०००. टॅलीतही त्याच व्हाउचरमध्ये दोन कॉस्ट सेंटर टाकले. प्रत्येक मूळ बिलावर प्रकल्पाचं नाव, हेड आणि रक्कम असा शिक्का पडलाच पाहिजे, कारण तेच बिल वर्षभराने दुसऱ्या देणगीदाराच्या फाइलमध्ये जाण्याचा धोका त्यानेच टळतो.

खरं तर हे ७,००० वाचले असते. जानेवारीअखेरच साहित्यावर २,३८,००० गेले होते आणि परीक्षेआधीची वह्यांची खरेदी व्हायची होती. तेव्हाच कंपनीला चार ओळींचं पत्र लिहून, प्रशिक्षणाचं तिसरं शिबिर रद्द झालंय, त्यातले इतके पैसे साहित्याकडे वळवायची परवानगी द्या, असं मागायला हवं होतं. मी ते मार्चअखेरपर्यंत लांबवलं आणि खर्च होऊन गेल्यावर मागितलेली परवानगी मिळाली नाही. म्हणून फेब्रुवारी म्हणतेय.

मानधनाच्या हेडमध्ये वाटणीचा आधार कागदावर असू द्या. आमच्या दोन शिक्षिका पूर्णपणे याच प्रकल्पावर होत्या, प्रत्येकीला महिना १३,०००. समन्वयक मात्र तीन प्रकल्प बघतात. त्यांच्या ३०,०००पैकी ६० टक्के, म्हणजे १८,००० या प्रकल्पावर टाकले, आणि ते ६० टक्के त्यांच्या रोजच्या वेळपत्रकातून आले होते. वर्षाच्या शेवटी अंदाजाने ठरवलेली टक्केवारी लगेच ओळखू येते, कारण ती बाराही महिने नेमकी उरलेल्या बजेटएवढी निघते.

आगाऊ दिलेली रक्कम खर्चात धरू नका. शिबिरासाठी कुणाला २०,००० दिले आणि बिलं १४,०००ची आली, तर खर्च १४,०००. उरलेले ६,००० परत येईपर्यंत ‘येणे’ म्हणून दाखवायचे.

मग बँकेचा ताळा. १२ लाख निधी, त्यावर खात्यात पडलेलं ९,४०० व्याज, वजा ११,७९,००० खर्च, म्हणजे ३०,४०० उरायला हवेत. ३१ मार्चच्या पासबुकात आमच्याकडे ५३,४०० दिसत होते. मार्चचं ४४,०००चं मानधन एप्रिलमध्ये दिलं, म्हणून खरं तर ७४,४०० दिसायला हवे होते. फरक २१,०००चा, तोच स्वनिधीचा. तो खर्च प्रकल्पाच्या खात्यातून झाला होता आणि संस्थेच्या मुख्य खात्यातून तेवढी रक्कम भरायची राहून गेली होती. अहवालात स्वनिधी लिहिणं पुरेसं नाही, पैसेही तिकडून इकडे यायला हवेत. व्याज वेगळ्या ओळीत दाखवा, ते संस्थेचं उत्पन्न नाही, त्याच प्रकल्पाचं आहे.

सोबतच्या पत्रात जास्तीच्या खर्चाइतकंच कमी खर्चाचंही कारण लिहा. प्रशिक्षणात ४२,००० का उरले, शिबिर कशामुळे झालं नाही, दोन वाक्यांत. सीएंच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा त्या प्रमाणपत्राचा १८ अंकी ओळख क्रमांक आहे ना, ते बघा आणि प्रमाणपत्रातला आकडा तुमच्या तक्त्यातल्या ११,७९,०००शी जुळतो का, तेही.

तारखेच्या बाबतीत कंपनीचीही अडचण समजून घ्या. एकाहून अधिक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पातली न खर्चलेली रक्कम कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते, आणि ती किती हे त्यांना आपल्या अहवालातूनच कळतं. म्हणून आम्ही आता शिलकीचा आकडा १० एप्रिलला ईमेलने कळवतो, सही-शिक्क्याचा अहवाल त्यामागून २० तारखेपर्यंत जातो.