सोमवारी बिटकॉइन वाढतं म्हणे, पण खर्च काढून उरतं किती?

कुठल्या वारी घ्यायचं हे ठरवण्याआधी डेटा कुठल्या टाइमचा आहे ते बघा, कारण बऱ्याच एक्स्चेंजची डेली कँडल, म्हणजे दिवसभराच्या भावाची नोंद, यूटीसी या जागतिक वेळेच्या मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, त्यामुळे त्यांचा सोमवार नि आपला सोमवार वेगळा.

आता समजा पाच वर्षांचे २६० सोमवार काढले आणि सरासरी रिटर्न ०.३% आला. भारी वाटतं ना? पण रोजचा चढउतार (स्टँडर्ड डेव्हिएशन) ४% धरला तर ४ भागिले २६० चं वर्गमूळ, म्हणजे सरासरीतच पाव टक्क्याची चूक असू शकते. ०.३ ला ०.२५ ने भागलं की जेमतेम १.२ येतं, हा नुसता योगायोग नाही म्हणायला निदान २ तरी हवं, आणि तुम्ही सातही वार तपासून सगळ्यात चांगला निवडला असेल तर त्याहून जास्तच. अमुक महिन्यात वाढतं या दाव्याचं तर सोडाच, दहा वर्षांत ऑक्टोबर येतात फक्त दहा.

मग खर्च. घेताना ०.१%, विकताना ०.१%, स्लिपेज, म्हणजे दिसलेल्या नि मिळालेल्या भावातला फरक, दोन्हीकडे ०.०५% धरलं की ०.३% तिथेच संपलं.

भारतात तर अजून वाईट. विकताना १% टीडीएस कापला जातो, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मिळतो पण दर आठवड्याला तेवढं भांडवल अडकत जातं. खरा मार ३०% टॅक्सचा, कारण तोटा वजा करता येत नाही: एका सोमवारी ४% कमावले, पुढच्या सोमवारी तेवढेच घालवले, तरी पहिल्या ४ वर १.२% टॅक्स आहेच. म्हणून बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर हे तपासून बघताना, टॅक्स सरासरीवर नको, प्रत्येक फायद्याच्या ट्रेडवर वेगळा लावा.